पैसे माझे, आणि काढताना पातळी आडवी?

नाशिकचा_निशाचर: परदेशी क्रिप्टो एक्सचेंजवर माझे 4000 यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाची क्रिप्टो नाणी, आहेत. काल रात्री 9:40 ला 700 काढले, बिनबोभाट गेले. आज सकाळी 8 ला 500 काढायला टाकले तर ‘पातळीची मर्यादा ओलांडली’. ओळख पडताळणीची माझी पहिली पातळी, म्हणजे 24 तासांत 1000 पर्यंतच काढता येतात. तारीख बदलली तरी का अडलं? आणि भरताना 4000 मुकाट घेतले की! ही अडवणूक नाही तर काय?

चहाबाज: अडवणूकच. वाण्याकडे ठेवायला दिलेलं धान्य परत मागितलं की तो रेशनकार्ड मागतो, त्यातला प्रकार.

पोळपाट: आरबीआयचा नियम आहे हो. बँकेतही कागदांशिवाय छोटं खातं उघडलं तर महिन्याला 10 हजारच काढता येतात.

मीठभाकर: पोळपाट, छोट्या खात्याचं बरोबर, पण इथे आरबीआयचा संबंध नाही. ग्राहकाची ओळख पटवा, हे मनी लाँडरिंगचा कायदा सांगतो, आणि आपल्याकडे क्रिप्टोवाले त्यात मार्च 2023 मध्ये आले. कुठल्या पातळीला किती, हा आकडा एक्सचेंज स्वतः ठरवतं आणि बदलतं. बायनान्स या बड्या एक्सचेंजने जुलै 2021 मध्ये अपुरी ओळख असलेल्यांची रोजची मर्यादा 2 बिटकॉइनवरून थेट 0.06 वर आणली, आणि पुढच्याच महिन्यात ओळख सगळ्यांनाच सक्तीची केली.

निशाचर, तुमचे 24 तास कॅलेंडरचे नाहीत, सरकते आहेत. प्रत्येक वेळी मागचे 24 तास मोजले जातात. त्यात कालचे 700 अजून बसलेत, म्हणून आत्ता फक्त 300 निघतील. रात्री 9:40 नंतर ते 700 गळून पडतील. काही ठिकाणी मोजणी यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या दिवसाने होते, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला पाटी कोरी. तुमचं तसं असतं तर 8 ला 500 गेलेच असते.

गच्चीवरची: माझेही अडकलेत! कालच पासवर्ड बदलला, तेव्हापासून एक रुपया निघत नाही. माझी पातळी तर सगळ्यात वरची आहे.

मीठभाकर: ताई, तुमचं दुखणं वेगळं. पासवर्ड बदलला की बहुतेक जण काही काळ, बरेचदा 24 तास, पैसे काढणं थांबवतात. चोराने खातं बळकावलं असेल तर मालकाला वेळ मिळावा म्हणून. 10 काढून बघा. छोटी रक्कम गेली तर मर्यादा, तीही अडली तर थांबवलेलं खातं.

चहाबाज: तुम्ही घड्याळ समजावलंत, मूळ प्रश्न तसाच राहिला. बँकेच्या छोट्या खात्यात वर्षाला 1 लाखाच्या वर *येऊही* देत नाहीत. इथे आत येणारं दार सताड उघडं आणि बाहेरच्याला कडी.

मीठभाकर: ब्लॉकचेनच्या पत्त्यावर कुणीही पाठवू शकतं, येणारं नाणं एक्सचेंजला थोपवता येत नाही. हातात असतं ते जाणारं.

चहाबाज: मग पत्ता दाखवूच नका ना! आधी कागद, मग जमा करायचा पत्ता.

मीठभाकर: हे मान्य. बरेच जण आता तसंच करतात. जे करत नाहीत, त्यांना गिऱ्हाईक आधी आत हवं असतं.

नाशिकचा_निशाचर: दुसऱ्या पातळीचे कागद दिले हो. महावितरणचं बिल दिलं, नाकारलं.

मीठभाकर: बिल वडिलांच्या नावावर असणार. कागद तपासायच्या टेबलावर मी चार वर्षं काढली, निम्मी नाकारणी याचीच. स्वतःच्या नावाचं, तीन महिन्यांच्या आतलं बँक स्टेटमेंट द्या, पत्ता पूर्ण दिसणारं. आणि नाव बघा. पासपोर्टवर आपल्याकडे बरेचदा नावापुढे वडिलांचं नाव असतं. खातं उघडताना नुसतं नाव-आडनाव टाकलं असेल तर यंत्राला ते दोन माणसं वाटतात.

पोळपाट: एवढं कशाला? रोज 990 काढा, पाच दिवसांत मोकळे.

मीठभाकर: 3300 उरलेत, चार दिवस पुरतील. मर्यादेत राहणं गुन्हा नाही. पण रोज काठाला टेकणारी रक्कम हीच आमच्याकडे लाल होऊन वर यायची, आणि मग पैशांचा स्रोत विचारला जायचा. मी आधी कागद पुरे केले असते.

नाशिकचा_निशाचर: टेलिग्रामवर एकाने निरोप पाठवलाय, ‘सपोर्ट’ म्हणून. 200 यूएसडीटी अनामत भरा, तासात पातळी वाढवतो म्हणे.

गच्चीवरची: भरू नका!!

मीठभाकर: चोर आहे. पातळी कागदांनी वाढते, आणि कागद ॲपच्या आतच द्यायचे. ब्लॉक करा.

चहाबाज: बघा, दार अडवलं की बाहेर असले दलाल उभे राहतात. त्याचं पाप कुणाच्या माथी?

मीठभाकर: आणि दार उघडं असतं तर हाच माणूस तुमचे 4000 एका रात्रीत घेऊन गेला असता.

चहाबाज: *माझे* नाहीत हो, निशाचरांचे. मी सोन्यातच बरा.

नाशिकचा_निशाचर: 300 टाकले, गेले. स्टेटमेंट काढतोय, पण त्यावर पत्ता जुन्या भाड्याच्या खोलीचा आहे...