झिगबीचा बल्ब नेटवर्कमध्ये येत नाही: अंतर, रीसेट की डोंगलची जागा?

मृणाल: दोन वापरलेले बल्ब आणि एक नवा प्लग घेतला. Zigbee2MQTT मध्ये प्लग आल्याचं दिसतं, पण जोडणी अर्धवट राहते. बल्बांचा तर मागमूसही नाही. डोंगल संगणकाच्या मागे, निळ्या यूएसबी पोर्टात, हार्डडिस्कच्या शेजारी आहे. बल्ब बेडरूममध्ये. अंतर जास्त होतंय का?

केदार: अंतरच. आरसीसीच्या भिंती सिग्नल खातात. बल्ब डोंगलजवळच्या होल्डरमध्ये लावून जोडा, मग जागेवर न्या.

सुहास: केदार, प्लगच्या बाबतीत पटत नाही. लॉगमध्ये `Failed to interview` येत असेल, तर प्लगने हाक मारली आणि ती पोचलीही. पुढचं बोलणं तुटतंय. निळा पोर्ट म्हणजे यूएसबी ३. त्यावर डिस्क चालू असली की २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो आणि झिगबी तिथेच बोलतं. मीटरभराची यूएसबी २ एक्स्टेन्शन वायर घ्या, काळ्या पोर्टात लावा, डोंगल डिस्क आणि राउटरपासून दूर ठेवा.

बल्बांचं निराळं. लॉगमध्ये एक ओळही येत नसेल, तर ते बहुधा अजून जुन्या मालकाच्या नेटवर्कला धरून आहेत. आधी `Permit join` सुरू करा, ते २५४ सेकंदच चालतं. मगच रीसेट करा. आयकियाचा बल्ब असेल तर बटण सहा वेळा चालू-बंद करायचं, शेवटी चालू ठेवायचं. ह्यूच्या बल्बला हे लागू नाही. तिथे डिमर स्विच बल्बाला जवळजवळ टेकवून चालू आणि बंद ही दोन्ही बटणं दहा सेकंद दाबून धरावी लागतात.

अनघा: जवळ जोडून मग हलवायचं, हे मला मुळीच मान्य नाही. माझा दाराचा सेन्सर टेबलावर लगेच जोडला गेला, बाल्कनीत नेल्यावर गप्प.

सुहास: सेन्सर बॅटरीवरचा आहे. असे काही सेन्सर ज्याच्यामार्फत जोडले गेले त्यालाच चिकटून राहतात. बल्ब सतत विजेवर असतो, जागा बदलली की नवे शेजारी शोधतो. म्हणून बल्बापुरता केदारचा उपाय चालेल.

केदार: माझा डोंगल निळ्या पोर्टातच आहे. कधी त्रास नाही.

सुहास: शेजारी डिस्क आहे का?

केदार: नाही.

मृणाल: वायर लावली, प्लग लगेच आला. सहा वेळा चालू-बंद करून एक बल्बही आला. दुसरा बल्ब टेबलावर आणूनही ढिम्म. चॅनेल ११ आहे, वायफायही १ वर. झिगबी २५ वर नेऊ?

केदार: न्या. वायफायच्या १ च्या खालून तर सुटका होईल.

सुहास: घाई नको. चॅनेल बदलला की काही उपकरणं पुन्हा जोडावी लागतात. त्यापेक्षा वायफाय ११ वर न्या, झिगबीला हात लावू नका. पण त्याच टेबलावर पहिला बल्ब आला, तर दुसऱ्याचा दोष मी चॅनेलवर ढकलणार नाही. रीसेट झाल्यावर तो लुकलुकतो का, ते आधी सांगा.