मदत हवी आहे: अश्वगंधा टॉनिक आणि आईचा थायरॉईड रिपोर्ट

आईची थायरॉक्सिनची ५०ची गोळी वर्षानुवर्षं सुरू आहे, टीएसएच कायम नॉर्मल, पण आता एकदम ०.०५ आलाय, टी-फोर वाढलाय, छातीत धडधड आणि कप धरला की हात थरथरतो. आई अश्वगंधा टॉनिकही घेते, म्हणून डॉक्टरांनी त्याची बाटलीच मागवली, कधीपासून आणि किती घेते ते विचारलं, लेबलवर अश्वगंधा नुसतं चूर्ण आहे की अर्क ते बघितलं, बायोटिनही शोधलं, कारण त्याने टेस्टच चुकीची येऊ शकते म्हणे. ते नव्हतं. मग टॉनिक बंद, गोळीचा डोस तोच, सहा आठवड्यांनी परत टेस्ट. आई म्हणते आयुर्वेदिक आहे, त्याने काय होतंय! कुणाचा टीएसएच नुसतं टॉनिक बंद करून वर आलाय का, आणि धडधड कधी थांबली?