उष्मागतिकी: पुस्तक, वर्गातील व्याख्याने आणि क्लासच्या हँडआउटचे एकच टिपण कसे करावे?

कळवा_बारावी: मी नीटची तयारी करत आहे. उष्मागतिकीसाठी माझ्याकडे एनसीईआरटीची दोन्ही पुस्तके, व्याख्यानांची वही आणि ठाण्यातील क्लासची हँडआउट आहेत. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात ΔU = Q − W आहे, तर रसायनशास्त्राच्या पुस्तकात ΔU = q + w. एसटीपीला एका मोलचे आकारमान पुस्तकात 22.7 लिटर आहे आणि हँडआउटमध्ये 22.4 लिटर. शिवाय एकच मुद्दा तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिलेला आहे. खर्च तीनशे रुपयांच्या आत हवा आणि लेखन हातानेच करायचे आहे.

घोडबंदरचे_बाबा: मुलीला आम्ही पेनसह टॅब घेऊन दिला. ती सगळी पाने एकत्र ठेवते आणि हवा तो शब्द क्षणात शोधते. एकदाच पैसे घाला, वर्षभर डोकेदुखी नाही.

वाशी_ताई: बाबा, तीनशे रुपयांत टॅबचे कव्हरसुद्धा येत नाही. माझे मत सरळ आहे: पुस्तक हेच प्रमाण मानावे आणि हँडआउटमध्ये त्याहून वेगळे जे असेल ते खोडून टाकावे.

कोपरखैरणे_रसायन: वाशीताईंचे म्हणणे अर्धेच खरे आहे, कारण येथे दोन्ही पुस्तकेच एकमेकींपासून वेगळी आहेत, मग खोडणार कोणते? भौतिकशास्त्र वायूने केलेले कार्य धन मानते आणि रसायनशास्त्र वायूवर झालेले कार्य धन मानते. हा विरोध खरा की केवळ चिन्हाचा, हे एक उदाहरण सोडवून ताडता येते. समजा, 2 बार इतक्या स्थिर बाह्य दाबाविरुद्ध वायू 2 लिटरवरून 5 लिटरपर्यंत प्रसरण पावला आणि त्याने 1000 जूल उष्णता घेतली. कार्याचे परिमाण 2 × 3 = 6 लिटर-बार, म्हणजे 600 जूल. भौतिकशास्त्रात W = +600, म्हणून ΔU = 1000 − 600 = 400 जूल. रसायनशास्त्रात w = −600, म्हणून ΔU = 1000 + (−600) = 400 जूल. उत्तर तेच येते, म्हणून ही दोन्ही सूत्रे टिपणात शेजारी-शेजारी ठेवावीत आणि प्रत्येकीखाली कार्य कोणी केले ते लिहावे. एकीचे सूत्र आणि दुसरीचे चिन्ह घेतले की 1600 येते. वायू कार्य करूनही घेतलेल्या उष्णतेपेक्षा जास्त ऊर्जा त्याच्यात उरलेली दिसली, तर सरमिसळ झाली असे समजावे.

22.4 आणि 22.7 यांचा प्रश्न वेगळा आहे. तेथे व्याख्याच बदलली आहे. जुनी एसटीपी 1 अ‍ॅटमॉस्फिअरला होती. आययूपीएसीने 1982 मध्ये प्रमाण दाब 1 बार केला. तापमान तेच, दाब थोडा कमी, म्हणून आकारमान थोडे जास्त. त्यामुळे आकड्याशेजारी दाब लिहिल्याशिवाय तो आकडा टिपणात घेऊच नये.

वाशी_ताई: पण परीक्षेत दाब दिलाच नाही, तर काय करायचे? आमच्या चिरंजीवांचे सर सरळ 22.4 घ्यायला सांगतात.

कोपरखैरणे_रसायन: पर्याय पाहावेत. दोन्ही आकड्यांची उत्तरे पर्यायांत असतील तर मी पुस्तकाचा आकडा धरेन. मात्र याबाबत शिक्षकांमध्येही एकमत नाही.

नौपाडा_झेरॉक्स: स्पायरल बाइंडिंग हवे असल्यास पाने एकाच आकाराची आणावीत. हँडआउट बहुधा ए-फोर असते आणि वहीचे पान लहान, त्यामुळे कडा कापल्या जातात.

घोडबंदरचे_बाबा: टॅबवर कडा कापल्या जात नाहीत, एवढेच सांगतो.

ऐरोली_एमएस्सी: पुनरावृत्तीबद्दल कोणीच लिहिले नाही. दोन वाक्ये सारखी वाटली म्हणून लहान वाक्य ठेवून मोठे काढू नये, कारण मोठ्या वाक्यात बहुधा एखादी अट असते. हँडआउट म्हणते, "समतापी प्रक्रियेत ΔU = 0." पुस्तक तेच आदर्श वायूपुरते सांगते. आदर्श वायूची अंतर्गत ऊर्जा केवळ तापमानावर अवलंबून असते, म्हणून ते खरे ठरते. बर्फ शून्य अंशावर वितळताना तापमान बदलत नाही, तरीही अंतर्गत ऊर्जा वाढते. म्हणून प्रत्येक मुद्दा कागदाच्या वेगळ्या चिठ्ठीवर लिहून कोपऱ्यात पु, व्या किंवा हँ अशी खूण करावी. मग सारख्या चिठ्ठ्या एकावर एक ठेवून अटींसह एकच वाक्य नव्याने लिहावे. मुद्दा केवळ एकाच ठिकाणी सापडला, तर तो काढण्याआधी शिक्षकांना विचारावे. क्रम मात्र पुस्तकाचाच ठेवावा.

वाशी_ताई: मीही तेच म्हणत होते, पुस्तक प्रमाण.

कळवा_बारावी: सर्वांचे आभार. चिठ्ठ्यांसाठी घरातलेच जुने कागद वापरेन. क्रम मात्र मी व्याख्यानांचा ठेवणार आहे, कारण गणिते मला त्याच क्रमाने आठवतात. पुस्तकाचे पान क्रमांक समासात लिहीन. ΔU = 0 च्या चिठ्ठीवर "आदर्श वायू" हे शब्द आताच लाल शाईने लिहिले आहेत. वहीत समोष्णी प्रक्रियेबद्दलही असेच एक बिनअटीचे वाक्य आहे: "प्रसरणात तापमान घटते." ऐरोलीकर, त्याला कोणती अट जोडावी?

ऐरोली_एमएस्सी: प्रसरणात वायूने बाहेरच्या दाबाविरुद्ध कार्य केले पाहिजे. निर्वातात मुक्त प्रसरण झाले तर कार्य शून्य, आणि आदर्श वायूचे तापमान तेच राहते.