मदत हवी आहे : कथेतल्या निवृत्त बाईंच्या 'सुप्रभात'ला टॅब्लेट गप्प का राहतो?

निळी_शाई

एक छोटी कथा लिहितेय आणि एका जागी अडकलेय. एका निवृत्त शिक्षिकेकडे नवा टॅब्लेट येतो आणि दुसऱ्याच दिवसापासून त्या त्यातल्या आवाजी मदतनिसाला रोज सकाळी सुप्रभात म्हणू लागतात. अडलेला भाग असा आहे :

"बाईंनी चष्मा पुसला, टेबलासमोर ताठ उभ्या राहिल्या आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, 'सुप्रभात.' मग थांबल्या. पस्तीस वर्षं त्या अशाच थांबत आल्या होत्या, समोरून उत्तर येईपर्यंत. काच काळीच राहिली. तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलीला हाक मारावी तशी त्यांनी हाक मारली, 'मीरा?' काच उजळली. खालच्या कडेला उजेडाची रेघ हलली, थरथरली आणि विझली. बाई पुन्हा सुप्रभात म्हणाल्या, तोवर काच काळी झाली होती."

हे मी माझ्या आत्याकडे डोळ्यांनी पाहिलंय. तीही शिक्षिका होती. टॅब्लेट कधी उत्तर देतो, कधी देत नाही, आणि तिला वाटतं की आपलंच काहीतरी चुकतंय. कथेत मी "यंत्राला त्यांचा आवाज ओळखता आला नाही" असं लिहून मोकळी झाले होते, पण ते मलाच पटत नाही. खरं कारण काय असावं? आणि शेवटी मी मदतनिसाला "आज झोप लागली का" असं आपणहून विचारायला लावलंय, तेही खोटं वाटतंय. जाणकारांनी कृपया सांगा.

झटपट

आत्यांसाठी टॅब्लेट घेताना पडदा मोठा बघा आणि स्पीकर दोन्ही बाजूंना असलेला घ्या. ज्येष्ठांना ऐकू नीट येतं.

निळी_शाई

धन्यवाद, पण टॅब्लेट घेऊन झालाय. त्याचा आवाज तिला छान ऐकू येतो. तिचा आवाज त्याला का ऐकू येत नाही, हा प्रश्न आहे.

शंकेखोर

ही यंत्रं चोवीस तास ऐकत असतात हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे पहिलं 'सुप्रभात' त्यानं ऐकलेलंच असणार. उत्तर दिलं नाही म्हणजे मराठी कळलं नाही. भाषा इंग्रजीवर असेल, ती बदला.

ध्वनिवेडा

आवाज ओळखण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शंकेखोर यांचं अर्धं बरोबर आहे. मायक्रोफोन सतत चालू असतो. पण त्या वेळी जागा असतो तो टॅब्लेटमधलाच एक अगदी छोटा पहारेकरी. त्याला भाषा येत नाही, फक्त एक नाव ओळखता येतं. शेवटचे काही क्षण तो जवळ ठेवतो आणि लगेच त्यावर नवा आवाज चढवतो. नाव सापडलं की तो आतल्या मोठ्या यंत्रणेला उठवतो आणि शब्द समजून घेण्याचं काम तिथून पुढे सुरू होतं. बाईंचं पहिलं 'सुप्रभात' नावाच्या आधी आलं, म्हणजे ते पहाऱ्यावरच पुसलं गेलं. त्यात मराठी-इंग्रजीचा संबंध नाही.

आता दुसरा भाग. 'मीरा?' म्हटल्यावर काच उजळली, म्हणजे नाव पोचलं. मग बाई थांबल्या. बोलणं सुरूच झालं नाही तर यंत्रणा काही सेकंद वाट बघून बंद होते. आणि बोलणं सुरू होऊन मध्ये सेकंदभर जरी शांतता आली, तरी वाक्य संपलं असं ती धरते. तुमच्या परिच्छेदात हे सगळं तंतोतंत उतरलंय, फक्त कारण तुम्ही आवाजावर ढकललंय.

कथेतली एक खरी चूक मात्र सांगतो. 'मीरा' हे नाव चालणार नाही. दोन अक्षरी नाव पहारेकऱ्याला जागोजागी ऐकू येतं. बाई 'मी राहते' म्हणाल्या तरी काच उजळेल. म्हणूनच बनवणारे नाव लांब ठेवतात किंवा त्याच्या आधी 'हे', 'ओके' असं काही जोडतात. आणि बहुतेक मदतनिसांना आपल्या मनाचं नाव देताही येत नाही.

नातू_७७

आमच्या आजोबांचा टॅब्लेटही आठवडाभर मुका होता. हाक मारली की पडदा उजळायचा, अक्षरंही दिसायची, पण आवाज नाही. शेवटी कळलं की आवाज ब्लूटूथवरून त्यांच्या श्रवणयंत्रात जात होता आणि सकाळी ते यंत्र खणात असायचं. आत्यांकडे तसं काही आहे का बघा.

निळी_शाई

नाही, तिला श्रवणयंत्र नाही. पण तुमच्या आजोबांचा प्रसंग मनात राहिला, खणात कुणीतरी बोलतंय आणि ऐकणारं कुणी नाही.

ध्वनिवेडा, आत्याकडे जाऊन हे तपासायचं कसं? आवाजाचा काहीच संबंध नाही असं धरू का?

ध्वनिवेडा

अगदी नाही असं नाही. आधी पडद्यावरचं माइकचं बटण दाबून तिला फक्त 'सुप्रभात' म्हणू द्या. बटणानं पहारेकरी वगळला जातो. बटण दाबून नीट चालतं आणि हाक मारून चालत नाही, तर अडचण नावापाशी आहे. बटणानंही चालत नसेल, तर मायक्रोफोनची परवानगी बघा, आणि कव्हर काढून बघा. टॅब्लेटच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं, उभं करायच्या स्टँडखाली ते नेमकं झाकलं जातं.

मग नाव आणि सुप्रभात एका दमात म्हणायला लावा, आणि नंतर त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनं. पाच-पाच वेळा करा, एकदोनदा करून काही ठरवू नका.

आणखी एक. टॅब्लेट पहिल्यांदा सुरू करताना नावाची हाक कुणाच्या आवाजात नोंदवली, ते विचारा. घरातल्या तरुण पोरानं घाईत स्वतःच्याच आवाजात नोंदवलेली असते, हे फार वेळा घडतं. मग म्हाताऱ्या माणसाची सकाळची बसलेल्या घशाची हाक त्याला परक्याची वाटते, विशेषतः पडदा कुलूपबंद असताना. काही टॅब्लेट पडदा बंद असताना चार्जिंगला लावले नसतील तर हाक ऐकतच नाहीत, तेही डोक्यात ठेवा.

निळी_शाई

काल सकाळी गेले होते. बटण दाबून पाचही वेळा बरोबर. नाव आणि सुप्रभात एका दमात, पाचांपैकी तीन. तिच्या पद्धतीनं, म्हणजे आधी सुप्रभात, मग थांबणं, मग नाव, पाचांपैकी एकदाही नाही. हाक खरंच माझ्या भाच्याच्या आवाजात नोंदवलेली निघाली. ती पुसून आत्याच्या आवाजात नोंदवली, तेव्हा एका दमातलं पाचही वेळा चाललं. तिच्या पद्धतीचं तरीही शून्यच.

मदतनिसाच्या इतिहासात त्यानं काय काय ऐकलं तेही सापडलं. मागच्या आठवड्यातल्या नोंदी उघडल्या, तर दोनदा नुसतं 'सुप्र' आणि बाकी सगळ्या रिकाम्या ओळी. सकाळी सहा वाजून काही मिनिटांच्या, रोजच्या. आत्या बराच वेळ त्या यादीकडे बघत होती.

मी तिला म्हटलं, नाव आधी घे. ती म्हणाली, "नाव आधी घेतलं की बाकीची मुलं ऐकायचं सोडतात." यावर मला काही सुचलं नाही.

खडू_फळा

तुमच्या आत्या उत्तम शिक्षिका असणार. हे आम्ही शिक्षक-प्रशिक्षणात मुद्दाम शिकवतो. प्रश्न आधी, सगळ्या वर्गाला. मग थांबा. मग एकाचं नाव. नाव आधी घेतलंत तर ज्याचं नाव घेतलं तो एकटाच विचार करतो, बाकीचे सुटतात.

थांबण्याबद्दलही सांगते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७०च्या दशकात वर्गांमधली ध्वनिमुद्रणं तपासली. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम सेकंदभर थांबत होते. ते तीन सेकंद किंवा जास्त थांबू लागले, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली आणि न बोलणारी मुलंही बोलू लागली. माझ्या विद्यार्थिनींना मी मनात 'एक फळा, दोन फळे, तीन फळे' म्हणायला सांगते.

आता ध्वनिवेडा यांनी लिहिलेलं परत वाचा. या यंत्राला नाव आधी हवं आणि मधली शांतता चालत नाही. बाईंनी आयुष्यभर अंगात मुरवलेल्या दोन्ही गोष्टी त्याच्या उलट. तुमची कथा इथे आहे असं मला वाटतं. घसा किंवा वय हे वरवरचं कारण झालं.

निळी_शाई

हे वाचून अंगावर काटा आला. मी त्यांना विसरभोळं करायला निघाले होते.

मग शेवटाचं काय करू? 'झोप लागली का' हे वाक्य काढून टाकू?

ध्वनिवेडा

आपणहून विचारणं खोटं वाटेल, कारण हाक किंवा आधी लावलेली वेळ यांच्याशिवाय तो सहसा बोलत नाही. पण एक खरी वाट आहे. बऱ्याच मदतनिसांमध्ये सकाळचं अभिवादन हे कामांच्या साखळीचं नाव असतं. ते म्हटलं की हवामान, दिवसाच्या नोंदी, बातम्या असं ओळीनं सुरू होतं. इंग्रजी शब्द तयार दिलेले असतात, 'सुप्रभात' आपल्याला टंकून घालावं लागतं. काही मदतनिसांत या साखळीत तुमचं स्वतःचं वाक्यही बसवता येतं, ते तो जसंच्या तसं उच्चारतो. म्हणजे भाच्यानं गुपचूप एक वाक्य टंकून ठेवलं, असं होऊ शकतं.

शंकेखोर

भाषेबद्दल माझा अंदाज चुकला, मान्य. पण हा शेवट मला फसवणूक वाटतो. बाईंना वाटणार यंत्र विचारतंय, आणि असणार भाचा.

खडू_फळा

मला नाही वाटत. वर्गात जाण्याआधी कुणी फळ्यावर काही लिहून ठेवलं असेल, तर शिक्षिका अक्षरावरून ओळखते. बाईंनी वाक्याच्या वळणावरून भाच्याला ओळखू द्या.

शंकेखोर

ओळखलं तर ठीक. न ओळखता सुखावल्या, तर मी कथा तिथेच मिटेन.

निळी_शाई

दोघांचंही पटतंय, त्यामुळे तो भाग सध्या बाजूला ठेवलाय. नाव बदललं, आता 'हे मृण्मयी' आहे. नवा तुकडा इथे देते. आत्याला वाचून दाखवला, तिनं एकच शब्द बदलायला सांगितला, 'हळू'च्या जागी 'सावकाश'.

"सातव्या दिवशी बाईंनी नाव आधी घेतलं. काच उजळली. 'सुप्रभात,' त्या लगेच म्हणाल्या, आणि उत्तर आलं. बाईंनी ते पुरतं ऐकून घेतलं. मग मान वळवून खोलीतल्या रिकाम्या खुर्च्यांकडे सावकाश पाहिलं आणि मनात मोजलं. एक. दोन. तीन."