मदत हवी आहे: रिन्यूअलच्या बोलणीत वापराचा डेटा कसा मांडू?

महाप्यातून मेन्टेनन्स सॉफ्टवेअरची खाती सांभाळतो. रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा वार्षिक करार संपायला 90 दिवस आहेत. सीट 60, पण गेल्या तिमाहीत लॉगिन फक्त 34 जणांचं. डॅशबोर्ड पाठवला तर परचेसवाल्यांनी पहिला आकडा हाच पकडला: "मग 35 सीटच द्या."

खरा वापर जास्त आहे. शॉप फ्लोअरवर एकच टॅब्लेट आहे आणि तिन्ही शिफ्टचे टेक्निशियन सुपरवायझरच्या लॉगिनवरून तिकिटं बंद करतात. 'काम कोणी केलं' या रकान्यात मोजली तर नावं 52 निघतात. पण हे दाखवलं की करारातला 'एका सीटवर एकच व्यक्ती' हा नियम त्यांनीच मोडल्याचं उघड होतं. चुगली केल्यासारखं वाटेल.

म्हणून ब्रेकडाउन तिकीट बंद व्हायचा वेळ काढला. सुरुवातीला मध्यक 9 तास होता, आता 5. मात्र तेव्हा लोक तिकीट उशिरा बंद करायचे, म्हणजे फरकातला काही भाग नुसत्या नोंदीच्या शिस्तीचा. प्लांट हेड हे लगेच ओळखतील. त्यांचं लॉगबुक मागितलंय, अजून आलं नाही.

सवलत 10 टक्क्यांपर्यंतच माझ्या हातात आहे. प्लांट हेड आपल्या बाजूचे आहेत, सही मात्र परचेसची. 60 दिवस आधी नोटीस देऊन ते सीट कमी करू शकतात, म्हणजे हाती महिनाच.

अशा वेळी 52 नावांचा आकडा आधी प्लांट हेडना एकट्यात दाखवावा, की तो बाजूला ठेवून सीटऐवजी प्लांटनिहाय दराचा प्रस्ताव थेट परचेसपुढे ठेवावा?