मदत हवी आहे: पीपीएफचं व्याज माझ्या हिशेबापेक्षा ७१० रुपयांनी कमी जमा झालंय

निळी_वही

पीपीएफ खातं बँकेत आहे. २०२४-२५ चं व्याज ३१ मार्च २०२५ ला ४२,९५५ रुपये जमा झालं. माझ्या हिशेबाने ४३,६६५ यायला हवं होतं. फरक ७१० रुपयांचा आहे. बँकेची चूक की माझी, ते शाखेत जाण्याआधी पक्कं करायचंय.

१ एप्रिल २०२४ ची शिल्लक ६,००,००० रुपये, मागच्या वर्षीचं व्याज धरून. त्यानंतर बचत खात्यातून दर महिन्याच्या ५ तारखेला १०,००० रुपये आपोआप जातात, तशी स्टँडिंग इन्स्ट्रक्शन दिलेली आहे. ३० सप्टेंबरला १,००,००० रुपये काढले. बाकी काही व्यवहार नाही.

मी प्रत्येक महिन्याची शिल्लक घेतली, एप्रिल ६,१०,०००, मे ६,२०,००० अशी. सप्टेंबरला ६,६०,००० धरले, कारण पैसे महिनाभर खात्यातच होते, शेवटच्या दिवशी निघाले. ऑक्टोबरपासून लाख वजा केले. बारा आकड्यांच्या बेरजेला ७.१ ने गुणून १२०० ने भागलं. पद्धत चुकते आहे का?

साधी_बेरीज

पीपीएफमध्ये ५ तारखेची शिल्लक बघतात. २०२४ च्या मे महिन्यात ५ तारखेला रविवार होता आणि २०२५ च्या जानेवारीतही. सुट्टीच्या दिवशीची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन बऱ्याच बँकांत पुढच्या कामाच्या दिवशी जाते. उतारा उघडून या दोन महिन्यांच्या तारखा बघा, तुमचा फरक तिथेच सापडेल. काढलेल्या लाखाचा संबंध नाही, ते ५ तारखेनंतर निघाले आहेत.

निळी_वही

बरोबर, दोन्ही वेळा ६ तारीख पडली आहे. पण १०,००० चं एका महिन्याचं व्याज ५९ रुपये १७ पैसे. दोन महिन्यांचे झाले ११८. उरलेले ५९२ कुठे गेले?

हातचा_एक

साधी_बेरीज यांनी रविवार अचूक पकडले, पण नियम अर्धाच सांगितला. ५ तारखेची शिल्लक म्हणजे व्याजाची शिल्लक नव्हे. ५ तारखेचा व्यवहार संपल्यापासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी रक्कम असेल, तिच्यावर त्या महिन्याचं व्याज मिळतं. त्यामुळे ५ नंतर आलेला पैसा त्या महिन्यात मोजला जात नाही, आणि ५ नंतर गेलेला पैसा मात्र महिनाभर नव्हताच असं धरलं जातं. दोन्ही बाजूंनी हिशेब खातेदाराच्या विरुद्धच पडतो.

आता तुमचा सप्टेंबर बघू. ५ तारखेला (गुरुवार होता) १०,००० वेळेत आले आणि शिल्लक ६,६०,००० झाली. ती २९ तारखेपर्यंत तशीच राहिली. ३० ला लाख निघाले आणि शिल्लक ५,६०,००० वर आली. महिन्यातली नीचांकी रक्कम हीच, म्हणून पूर्ण सप्टेंबरचं व्याज ५,६०,००० वर. त्या लाखाचं सप्टेंबरचं व्याज ५९१ रुपये ६७ पैसे होतं, ते गेलं. तुमचे ५९२ हेच.

अशा तपासणीत बारा महिने पुन्हा मांडण्याआधी मी नेहमी फरकाकडून उलटा जातो. आलेल्या फरकाला १२०० ने गुणायचं आणि ७.१ ने भागायचं.

```
=710*1200/7.1
```

उत्तर १,२०,००० येतं. म्हणजे तुमच्या बेरजेत बँकेपेक्षा १,२०,००० जास्त धरले गेलेत. आता उताऱ्यात फक्त एवढंच शोधायचं की कोणत्या व्यवहारांनी हा आकडा बनतो. मेचे १०,०००, जानेवारीचे १०,००० आणि सप्टेंबरचे १,००,०००. जुळलं.

खात्रीसाठी पूर्ण मांडणी करायची तर एका स्तंभात महिना आणि शेजारी त्याची नीचांकी शिल्लक लिहा. तुमच्या खात्याची एप्रिलपासून मार्चपर्यंत ती अशी येते (हजारांत): ६१०, ६१०, ६३०, ६४०, ६५०, ५६०, ५७०, ५८०, ५९०, ५९०, ६१०, ६२०. बेरीज ७२,६०,०००. पूर्ण रुपयांतल्या रकमा C2 ते C13 मध्ये असतील तर सूत्र हे:

```
=SUM(C2:C13)*7.1/1200
```

४२,९५५ येतात. बँकेचा हिशेब रुपयापर्यंत बरोबर आहे, शाखेत जायची गरज नाही.

साधी_बेरीज

मान्य. ५ ची शिल्लक पक्की झाली की महिना सुटला असंच धरून चाललो होतो. म्हणजे लाख ६ सप्टेंबरला काढले असते तरी नुकसान तेवढंच?

हातचा_एक

तेवढंच. ६ ला काढा, १५ ला काढा की ३० ला, सप्टेंबरचं व्याज जातं. इतकंच काय, २ सप्टेंबरला काढले असते तरी सप्टेंबर गेलाच असता, ऑगस्ट मात्र पूर्ण हाती आला असता. म्हणून काढायचेच असतील तर १ ते ५ तारखेच्या आत काढावेत. पैसा वापरायला जवळजवळ पूर्ण महिना मिळतो आणि मागच्या महिन्याचं व्याज पदरात पडलेलं असतं. सर्वांत महाग दिवस महिन्याचा शेवटचा. निळी_वही यांना एक दिवस थांबता आलं असतं, तर १ ऑक्टोबरला (मंगळवार) तेच लाख काढून सप्टेंबरचे ५९२ रुपये वाचले असते. ऑक्टोबरच्या आकड्यात काहीच फरक पडला नसता, तो तेव्हाही ५,७०,००० च राहिला असता.

काढलेले पैसे पुन्हा भरून नुकसान भरून काढू असंही कुणी धरू नका. परत भरलेली रक्कम नवीन भरणा म्हणून वर्षाच्या १,५०,००० च्या मर्यादेत मोजली जाते. यांचे महिन्याचे हप्तेच १,२०,००० चे आहेत, म्हणजे त्या वर्षात फार तर ३०,००० परत टाकता आले असते.

प्रवासी_पक्षी

माझंही व्याज कमी दिसतंय. कंपनीकडून दर महिन्याला कापलं जातं, पण पासबुकात जमेची तारीख दुसऱ्या महिन्याच्या १५ च्या आसपासची आहे. मग ५ तारखेचा नियम लावून माझं दर महिन्याचं व्याज बुडतं का?

हातचा_एक

पगारातून कापलं जातं ते ईपीएफ. हा धागा पीपीएफचा आहे, जे आपण स्वतः बँकेत किंवा पोस्टात उघडतो. ईपीएफचा दरही वेगळा आणि मोजणीही वेगळी, तिथे ५ तारखेचा हा नियम लागत नाही. वेगळा धागा काढा, इथे सांगितलेलं सूत्र तिथे वापरू नका.

शेवंती

माझा प्रश्न जवळचाच आहे. वर्षाचे दीड लाख एकदम भरते. ५ एप्रिल २०२४ ला, शुक्रवारी, दुसऱ्या बँकेचा चेक शाखेत दिला. पावतीवर ५ चा शिक्का आहे. उताऱ्यात जमा ८ एप्रिलची आहे. वर्षाच्या शेवटी फरक ८८७ रुपये ५० पैशांचा निघतो. हा बरोबर एप्रिल महिन्याचाच दिसतो. शिक्का ५ चा असताना एप्रिल का जावा?

हातचा_एक

८८७.५० ला १२०० ने गुणून ७.१ ने भागलं की दीड लाखच येतात, म्हणजे निदान अगदी बरोबर केलंत. चेकने भरलं तर चेक वटल्याची तारीख ती भरल्याची तारीख. शिक्का फक्त चेक हाती घेतल्याचा असतो. पाचच्या आत दिला म्हणून नव्हे, पाचच्या आत वटला तर महिना मिळतो. म्हणून एकरकमी भरणाऱ्यांनी दुसऱ्या बँकेचा चेक एप्रिलमध्ये वापरूच नये. १ एप्रिलला वार्षिक हिशेबामुळे बँका ग्राहकांसाठी बंद असतात, त्यामुळे हातात दिवस आधीच कमी. बचत खातं आणि पीपीएफ एकाच बँकेत असेल तर २ तारखेला ऑनलाइन वळतं करा.

डोंगरवाट

यावर मला थोडी शंका आहे. माझ्या बँकेच्या उताऱ्यात दोन तारखा येतात, एक नोंदीची आणि एक व्हॅल्यू डेट. एका क्लिअरिंगच्या चेकला नोंद ७ ची आणि व्हॅल्यू डेट ५ ची पडली होती, आणि त्या महिन्याचं व्याज मिळालं होतं. मग शेवंती यांच्या उताऱ्यातली ८ तारीख कोणती?

शेवंती

छापील पासबुकात एकच तारीख आहे. ऑनलाइन उतारा काढून बघते.

हातचा_एक

ते बघाच. व्हॅल्यू डेटही ८ असेल तर विषय मिटला. ती ५ असून व्याज मात्र ८ धरून दिलेलं असेल, तर शाखेला लेखी विचारण्यासारखं आहे. अर्जाला उताऱ्याची प्रत आणि फक्त एप्रिलच्या एका ओळीचं गणित जोडा, बारा महिन्यांचा तक्ता नको. बँका कोणत्या तारखेवर गणित चालवतात यात सगळीकडे एकवाक्यता असेल असं मी म्हणणार नाही.

साधी_बेरीज

उलट्या पद्धतीत एक अडचण दिसते. फरकाचा आकडा कुठल्याच व्यवहाराशी जुळला नाही तर?

हातचा_एक

मग दोन जागा तपासा. पहिली, सुरुवातीची शिल्लक. मागच्या ३१ मार्चला जमा झालेलं व्याज सुरुवातीच्या शिलकीत धरायचं राहून गेलं, तर फरक त्या व्याजाच्या बरोबर ७.१ टक्के येतो. मागचं व्याज ३८,००० असेल तर २,६९८. असा फरक दिसला की महिन्यांच्या तारखा चाळत बसू नका. दुसरी जागा म्हणजे दर. एप्रिल २०२० पासून दर ७.१ वरच आहे म्हणून एकाच दराने गुणणं चालतं. २०१९-२० तपासत असाल तर पहिल्या तिमाहीला ८ टक्के आणि पुढच्या तिन्ही तिमाहींना ७.९, तिथे बेरीज दोन तुकड्यांत करावी लागते.

रुपयाभराचा फरक पूर्णांकाचा असतो, तो सोडून द्या. आणि दर महिन्याचं व्याज पुढच्या महिन्याच्या शिलकीत मिळवू नका. मोजणी महिन्याची असली तरी जमा वर्षातून एकदाच होते.

निळी_वही

माझं कोडं सुटलं, आभार. स्टँडिंग इन्स्ट्रक्शन ५ वरून २ तारखेला आणतेय. २ तारखेलाही सुट्टी आली तर?

हातचा_एक

तर ३ ला जाईल, ३ ला सुट्टी असेल तर ४ ला. ५ तारखेला तुमच्याकडे एकही राखीव दिवस नव्हता, २ ला तीन आहेत. फक्त बचत खात्यात १ तारखेलाच पैसे असू द्या. शिल्लक नाही म्हणून व्यवहार परत गेला, तर काही बँका त्या महिन्यात पुन्हा प्रयत्न करत नाहीत. तुमची बँक काय करते ते इन्स्ट्रक्शन बदलताना विचारून घ्या.