मदत हवी आहे: आंबा घाटात चढाला क्लच घसरतो, करपल्याचा वास येतो

चिरेखाण_लांजा
नमस्कार मंडळी. माझी सहाचाकी आहे, साडेअठरा टन पासिंग. लांज्याहून कोल्हापूरला जांभा चिरा नेतो. साखरपा सोडून आंबा घाट लागला की तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज एकदम चढतो, पण गाडी वेग घेत नाही. दोन-तीन वळणं झाली की केबिनमध्ये करपल्याचा वास. बाजूला घेऊन थंड केली की पुन्हा थोडा वेळ बरी ओढते. रिकामी असताना काहीच त्रास नाही.

क्लच प्लेट पावसाळ्याआधीच बदलली आहे. ड्रायव्हर म्हणतो प्लेट डुप्लिकेट निघाली. गॅरेजवाला म्हणतो पूर्ण सेट टाका. कोणाचं ऐकू?

डंपर_मिरज
भाऊ, माझ्याकडे पण क्लचचाच लोचा होता. पेडल पूर्ण दाबलं तरी पहिला पडायचा नाही, रिव्हर्सला तर कर्र आवाज. ऑइल टाकून हवा काढली, गाडी ओके. आधी हवा काढून बघा, फुकटात काम होईल.

जुना_फिटर
मिरजकर, तुमचा क्लच सुटत नव्हता, यांचा धरत नाही. दुखणं बरोबर उलटं आहे.

लांजेकर, दोन गोष्टी सांगा. गाडी थंड असताना पेडल पायाने नाही, हाताने दाबून बघा. वरच्या टोकाला थोडा मोकळा खेळ लागतो की बोट ठेवताच जड? आणि काट्याची पावती किती टनांची असते? खरा आकडा सांगा, इथे कोणी आरटीओवाला बसलेला नाही.

चिरेखाण_लांजा
काका, खेळ अजिबात नाही, हात ठेवला की लगेच जड. मागे गिअर टाकताना आवाज यायचा तेव्हा गॅरेजमधल्या पोराने पेडलखालच्या रॉडचा नट फिरवून पेडल वर घेतलं होतं. आवाज गेला.
काटा 23 ते 24 टन. पावसात चिरा पाणी पितो, तेव्हा तेवढ्याच नगांना वजन अजून वाढतं.

सह्याद्री_रोडलाइन्स
मग उत्तर मिळालं की! साडेअठराच्या गाडीत 24 टन, क्लच घसरणारच. कडक स्प्रिंगची प्रेशर प्लेट टाका, विषय संपला.

जुना_फिटर
रोडलाइन्सवाले, अर्धं बरोबर आहे. पण पेडल पूर्ण सोडून, गिअरमध्ये गाडी चालू असताना क्लचवर जास्तीत जास्त जोर किती येणार? इंजिन देईल तेवढाच. मागे 10 टन असोत नाहीतर 24, इंजिनाची ताकद वाढत नाही. आणि धडधाकट क्लच इंजिनाच्या पूर्ण ताकदीपेक्षा जास्त धरेल असाच बनवलेला असतो. म्हणजे चालत्या गाडीत घसरतोय तर त्याची पकडच कमी झाली आहे. ओव्हरलोड क्लच जाळतो तो गाडी उठवताना. चढावर थांबून पुन्हा निघताना प्लेट जितका वेळ घासते तितकी उष्णता, आणि वजन वाढलं की तो वेळ वाढतो. कडक प्रेशर प्लेटने हे बदलत नाही, पेडल मात्र जड होतं.

आता पकड का गेली? रॉडला मोकळीक नसेल तर पेडल वर असतानाही मास्टर सिलिंडरचा दट्ट्या पूर्ण मागे येत नाही आणि ऑइल टाकीत परत जायचं बारीक भोक बंद राहतं. घाटात ऑइल तापून फुगतं, त्याला जायला जागा नाही, मग ते रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतं. म्हणजे कोणी पाय न ठेवता क्लच थोडा दाबलेला राहतो. थंड झाल्यावर बरी ओढते असं तुम्ही म्हणता, ते याच्याशी जुळतं. त्यात प्लेट झिजली की प्रेशर प्लेटची बोटं बेअरिंगकडे सरकतात, उरलासुरला खेळही जातो.

खात्री करायची तर पुढच्या वेळी वास यायला लागला की सपाट जागी थांबा, चाकांना ओट लावा आणि खालच्या सिलिंडरचा हवा काढायचा निपल जरासा सैल करा. ऑइल पिचकारीसारखं उडालं आणि नंतर क्लच धरायला लागला, तर दाब अडकला होता. ऑइल गरम असतं, तोंड लांब ठेवा. टाकीतली पातळी बघून निपल घट्ट करा.

चिरेखाण_लांजा
केलं. पिचकारी उडाली, आणि मलकापूरपर्यंत गाडी बरीच सुधारली. पण मोठ्या चढाला अजून घसरतेच. शेवटी गिअरबॉक्स उतरवला.

प्लेटचं अस्तर काळं, आरशासारखं चकचकीत झालंय, रिबेटपर्यंत अजून जागा आहे. फ्लायव्हीलही तसंच, मध्ये निळे-जांभळे डाग आणि केसासारख्या चिरा. नख फिरवलं तर काही ठिकाणी अडकतं. ऑइल कुठेच नाही, दोन्ही सील कोरडे. मागच्या वेळी गॅरेजवाल्याने फ्लायव्हील पॉलिश पेपरने पुसून त्यावरच नवी प्लेट बसवली होती, हे आता कळलं.

जुना_फिटर
म्हणजे प्लेट डुप्लिकेटच होती असं म्हणता येत नाही. चकाकी धरलेल्या फ्लायव्हीलवर नवी प्लेटही घसरते आणि स्वतः तशीच चकाकते. पॉलिश पेपरने वरवरचा डाग जातो. निळा डाग म्हणजे तिथलं बीड तापून कडक झालंय, लेथची टूल त्यावर उड्या मारते. ग्राइंडिंगवाला मिळाला तर उत्तम.

एक बघा, तुमचं फ्लायव्हील सपाट आहे की वाटीसारखं? वाटीचं असेल तर प्लेट घासते तो आतला भाग जेवढा काढाल तेवढंच प्रेशर प्लेट बसते त्या कडेवरूनही काढायला हवं. आतलाच काढला तर प्लेट खोल बसते, दाब कमी पडतो आणि सगळं नवीन टाकूनही घसरत राहतं. अशा गाड्या पाहिल्या आहेत, मालक प्लेटांवर प्लेटा बदलत बसतो. किती काढता येईल ते गाडीच्या पुस्तकात असतं. तेवढ्यात चिरा निघाल्या नाहीत, किंवा बोल्टच्या भोकापर्यंत गेल्या असतील, तर फ्लायव्हील बदला.

आणि गिअरचा आवाज रॉड आवळून दाबला होता, त्याचं मूळ शोधा. मास्टरचे रबर किंवा पायलट बेअरिंग बघा. नाहीतर खेळ बरोबर लावला की आवाज परत येईल.

सह्याद्री_रोडलाइन्स
ड्रायव्हर उठवतो कुठल्या गिअरला? आमच्याकडे निम्मे जण भरलेली गाडी दुसऱ्यावर उठवतात.

चिरेखाण_लांजा
दुसऱ्यावरच. म्हणतो पहिला फक्त चिखलात लागतो. वळणावर समोरून एसटी आली की हँडब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी धरून ठेवतो, हे मी स्वतः बसून पाहिलं. क्लच पेडलचं रबर डाव्या कडेला गुळगुळीत झालंय, म्हणजे गाडी चालतानाही बूट तिथेच टेकलेला असणार.

जुना_फिटर
मग ते पण तितकंच धरा. हाफ क्लचवर उभी गाडी म्हणजे जागेवर प्लेट घासणं. हँडब्रेक लावायचा, पहिला टाकायचा, क्लच धरायला लागला की हँडब्रेक सोडायचा. आणि चढाला इंजिन दमायच्या आधी खालचा गिअर, म्हणजे मध्येच थांबून उठवायची वेळ येत नाही.

डंपर_मिरज
माझा ड्रायव्हर पण असाच करतो, पण त्याचा क्लच चार वर्षं झाली तरी ठीक आहे. मग काय म्हणायचं?

जुना_फिटर
घाट नसेल तुमच्याकडे.

चिरेखाण_लांजा
फ्लायव्हील वाटीचंच निघालं. रत्नागिरीचा लेथवाला म्हणतो आतून काढतो, कडेला हात लावायची गरज नाही. कोल्हापुरात दोन्ही बाजूंनी ग्राइंड करून देणारा आहे, पण माझ्या आधी त्याच्याकडे बरीच कामं आहेत. गाडी उभी, चिऱ्याची ऑर्डर अडलीय. दुसरं म्हणजे नवी प्लेट बसल्यावर पहिल्या काही फेऱ्या हलक्या भराव्या लागतात असं ऐकलं, ते खरं का?

जुना_फिटर
खरं आहे. अस्तर फ्लायव्हीलला बसेपर्यंत निम्माच माल भरा. लेथवाल्याला कडेबद्दल पुन्हा विचारा, नाही म्हणाला तर फ्लायव्हील कोल्हापूरला पाठवा.

सह्याद्री_रोडलाइन्स
निम्म्या मालात डिझेल तरी सुटतं का काका?

चिरेखाण_लांजा
पार्टीला सांगून बघतो. फ्लायव्हील आज रात्रीच्या टेम्पोने कोल्हापूरला जातंय. परत आलं की माप टाकतो.